खाडा

गेल्या नोव्हेंबरात अम्मीची तब्येत बिघडली म्हणून मी मुलांना घेऊन सहा दिवस दौंडला गेले होते. शिरूरचं घर बंद होतं. निघताना मावशींना सांगितलं, "मी फोन करीन तेव्हाच या." परत आले, महिना संपला, आणि नेहमीच्या सवयीने मी हिशेब केला. महिन्याचे 2,200 रुपये, म्हणजे दिवसाचे 73 रुपये आणि काही पैसे. सहा दिवसांचे 440 वजा केले आणि 1,760 रुपये मावशींच्या हातावर ठेवले.

त्यांनी नोटा मोजल्या. भांडण केलं नाही. फक्त विचारलं, "भाभी, तुम्ही दौंडला होता तेव्हा शाळेने तुमचा पगार कापला का?"

नव्हता कापला. मी किरकोळ रजेचा अर्ज दिला होता आणि पगार पूर्ण जमा झाला होता. अम्मी माझी, आजारपण माझ्या घरचं, कुलूप मी लावलेलं; आणि खाडा मात्र मावशींचा. कामाला यायला त्या तयारच होत्या. मी 440 रुपये त्याच वेळी परत दिले, पण प्रश्न घरातच राहिला. पुढच्या वेळी मी पुन्हा विसरले तर? सहा वर्षांत पगार एकदाच वाढवला होता, तोही त्यांनी दोनदा विचारल्यावर.

हा प्रश्न जुना आहे. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून संप केला. आजारपणाचे खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं, हे त्याचं निमित्त. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीबरोबर पगारी सुट्टीची मागणीही पुढे आली. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वर्षांच्या घरकामगार त्यात नाव नोंदवू शकतात, आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात त्याची चौकशी करता येते. पण तो कायदा कल्याणकारी मदतीचा आहे. आपल्या घरातला पगार किती आणि सुट्टी किती, हे अजून आपल्याच उंबऱ्याच्या आत ठरतं.

म्हणून मी पत्र लिहायला बसले. आधी हिशेब केला. मावशी झाडू-फरशी, भांडी आणि कपडे करतात. रोज दीड तास, म्हणजे महिन्याचे 45 तास. 2,200 रुपयांत एका तासाला 49 रुपये पडत होते. आमच्या घरखर्चात 600 रुपये वाढवणं शक्य होतं. 2,800 केले की तासाला 62 रुपये होतात. फार नाहीत, पण आकडा तासात मांडला तेव्हा मला तो प्रथमच दिसला.

मग सुट्ट्या. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, म्हणजे वर्षाच्या 24. न घेतलेल्या सुट्ट्या पुढे जमा होतील, म्हणजे गावाला जायचं असेल तेव्हा एकदम घेता येतील. आजारपणाच्या वर्षाला सात वेगळ्या. आम्ही घर बंद करून गेलो तर ते दिवस भरलेले धरायचे. ती सुट्टी आमची, त्यांची नव्हे. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस. पगार पाच तारखेच्या आत. उचल घेतली तर महिन्याला 300 रुपयांपेक्षा जास्त कापायचे नाहीत. दर जूनला पगाराचा विचार आम्हीच काढायचा, त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. काम थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं.

कामांची नावंही लिहिली. पगार वाढवला की मालकिणीच्या मनात हळूच येतं, आता चादरी आणि गोधड्याही त्यातच धुऊन होतील. रमजानमध्ये तर इफ्तारच्या भांड्यांचा ढीग दुप्पट होतो. म्हणून जादा कामाचे तासाला 65 रुपये वेगळे, असं कलम घातलं.

पत्र घेऊन मी मावशींपुढे पेन धरला आणि इथे माझं चुकलं. त्यांचा चेहरा उतरला. "कागद कशाला? मला काढायचंय का?" गरिबाच्या हातात सहीचा कागद येतो तो बहुतेक कर्जाचा नाहीतर नोटिशीचा. मी पेन खाली ठेवला. म्हटलं, "घरी न्या, लेकीकडून वाचून घ्या, घाई नाही."

त्यांची लेक आठवीत आहे. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. लेकीने एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'परवानगी घेऊन सुट्टी घ्यावी.' मावशी म्हणाल्या, "रात्री दोनला पोर तापलं तर परवानगी कोणाची घेऊ?" मी ते खोडून 'फोन करून कळवावे' असं लिहिलं. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दावर सुट्टी हक्काची की मेहेरबानीची ते ठरत होतं. मग पत्राच्या दोन प्रती केल्या, दोन्हींवर आम्हा दोघींच्या सह्या आणि साक्षीला लेकीची.

दौंडला भाभीजान म्हणाल्या, "तू गल्लीचा भाव बिघडवणार. आणि ईदला आपण कपडे देतो, राशन देतो, ते काय कमी आहे?" मी म्हटलं, राशन आपल्या मर्जीचं आहे, मजुरी हे देणं आहे. जकात किंवा सदका मजुरीत धरून आपलं देणं फिटत नाही. बाजूला पडलेल्या अम्मीने डोळे मिटूनच सांगितलं, सूरह बकराची ती लांब आयत आठव. खरंच, कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि मजकूर सांगायची जबाबदारी तिथे देणं लागणाऱ्यावर टाकली आहे. मजुरीच्या व्यवहारात देणं लागणारी मीच होते.

पत्राने सगळं लगेच सुरळीत झालं नाही. पहिल्या दोन महिन्यांत मावशींनी एकही सुट्टी घेतली नाही. मला वाटलं, गरज नसेल. मग कळलं, किती शिल्लक आहेत हे लक्षात राहत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. हक्क माझ्या डायरीत बंद होता. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सुट्टीच्या तारखेला त्या स्वतः गोल करतात आणि महिनाअखेरीला शिल्लक आकडा मी खाली लिहिते. दोघींना एकच भिंत दिसते, त्यामुळे वादाला जागा नाही.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला त्या पारनेरला गेल्या. पाच दिवस. जाताना म्हणाल्या, "भाभी, जमा दहा आहेत, पाच घेते." मागितल्या नाहीत, सांगितल्या. घरातली भांडी पाच दिवस आम्ही घासली. पाच जूनच्या आत पगार दिला, पूर्ण, आणि मावशींनी तो मोजला. मग कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या, "जून लागला, भाभी. पगाराचं काय ते बोलणार होता ना तुम्ही?"

मी खरंच विसरले होते. पत्र विसरलं नव्हतं.