चावीची लांबी

सांकेतिक मजकूर समोर आला की पहिल्यांदा चावीचा शब्द शोधायला बसणारे पुष्कळ असतात. मी तसा बसत नाही. चावी कोणती हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि ती किती अक्षरांची आहे, एवढंच आधी विचारतो. बरीच वर्षं हा नाद केल्यावर माझं पक्कं मत झालं आहे की लांबी कळली की काम निम्म्याहून अधिक संपतं.

कारंजा (घाडगे) हा संत्र्यांचा भाग, त्यामुळे माझ्या भाचीने मला पाठवलेल्या चिठ्ठीतही संत्रीच होती, अर्थात हे मला नंतर कळलं. चिठ्ठीवर पाच-पाच अक्षरांचे आठ गट होते:

यहधणळ लधभपह धतबटळ थयहधण ळछपछन दयथयह धणळतफ ठढहधछ

पद्धत आमची ठरलेली आहे. काना, मात्रा, अनुस्वार आणि स्वर सोडून द्यायचे, फक्त व्यंजनं घ्यायची. क म्हणजे 0, ख म्हणजे 1, असं करत ह म्हणजे 32 आणि ळ म्हणजे 33. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरं म्हणून फोडायची. चावीच्या शब्दाचीही व्यंजनं काढायची आणि मजकुराखाली ती पुन्हापुन्हा लिहीत जायची. वरचा आणि खालचा आकडा मिळवायचा, बेरीज 34 किंवा जास्त झाली तर 34 वजा करायचे. उत्तराचं अक्षर कागदावर उतरवायचं.

या रीतीचं बळ असं की एकच अक्षर दर वेळी वेगळं रूप घेतं. मजकुरातला पहिला र आणि दुसरा र चावीच्या वेगवेगळ्या अक्षरांखाली आले तर त्यांची दोन निरनिराळी अक्षरं होतात. म्हणून कोणतं अक्षर किती वेळा आलं हे नुसतं मोजून हाती काही लागत नाही. इटलीच्या बेलासोने 1553 मध्ये ही रीत छापली, नाव मात्र पुढे फ्रान्सच्या व्हिजनेरचं चिकटलं आणि तीनशे वर्षं लोक तिला अभेद्य समजत राहिले.

तिचं दुबळेपण चावी पुन्हापुन्हा येण्यात आहे. मजकुरात एखादा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याच्याखाली चावीचा तोच तुकडा पडला, तर सांकेतिक अक्षरंही हुबेहूब तीच येतात. तोच तुकडा कधी पडेल? मधलं अंतर चावीच्या लांबीच्या पटीत असेल तेव्हा. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजला हे 1854 च्या सुमारास उमगलं होतं, पण त्याने ते छापलं नाही. प्रशियाच्या फौजेतला एक अधिकारी, फ्रीडरिश कासिस्की, याने 1863 मध्ये त्यावर छोटं पुस्तक काढलं, त्यामुळे रीत त्याच्या नावाने ओळखली जाते.

आता चिठ्ठीकडे बघा. ‘यहधणळ’ हा पाच अक्षरांचा तुकडा पहिल्या, सतराव्या आणि एकोणतिसाव्या जागी सुरू होतो. अंतरं 16 आणि 12. पाच अक्षरं तीनदा योगायोगाने जुळणं फार अवघड, म्हणून या अंतरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. 12 ला 3 आणि 6 नेही भाग जातो, पण 16 ला जात नाही. दोन्हींना भागणारी सर्वांत मोठी संख्या 4. ‘हध’ ही जोडी तर पाच ठिकाणी आहे आणि तिची अंतरं 8, 8, 12, 8 अशी पडतात. तीही सगळी चाराच्या पटीत.

दोन अक्षरांची जोडी मात्र एकटी असेल तर मी तिला पुरावा मानत नाही, कारण ती सहज योगायोगाने येते. मग दुसऱ्या वाटेने ताळा करून घेतो. तोच मजकूर दुसऱ्या पट्टीवर लिहून पहिल्याखाली सरकवायचा आणि वर-खाली तेच अक्षर किती ठिकाणी येतं ते मोजायचं. या चिठ्ठीत पट्टी 5 किंवा 7 घरं सरकवली तर एकही जुळणी नाही, 6 घरांवर एक आहे (तो निव्वळ योगायोग) आणि 8 घरांवर, म्हणजे चाराच्याच पटीवर, सहा.

या जुळण्यांमागचं गणित अमेरिकेच्या विल्यम फ्रीडमनने 1922 मध्ये मांडलं. त्याच्याशी आपला धागा आहे तो गदर चळवळीतून. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे त्या चळवळीच्या उभारणीत होते. अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांची सांकेतिक पत्रं 1917 मध्ये फ्रीडमनपुढे आली. ती वेगळ्या प्रकारची होती, एका पुस्तकातल्या पानांचे नि ओळींचे आकडे. ते पुस्तक हाती नसतानाच त्याने पत्रं वाचली आणि त्या क्रांतिकारकांविरुद्धच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात साक्ष दिली. त्या माणसाचं काम शिकताना ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

लांबी चार ठरली, की मजकूर चार रांगांत वाटायचा: पहिलं, पाचवं, नववं अक्षर पहिल्या रांगेत, दुसरं, सहावं, दहावं दुसऱ्या रांगेत, असं पुढे. प्रत्येक रांगेत सगळी अक्षरं एकाच आकड्याने सरकलेली असतात, म्हणून आता मोजणी कामाला येते. तिसऱ्या रांगेत दहापैकी सहा ध निघाले. मराठीत र फार येतो. ध हा मुळात र असेल तर चावीचं तिसरं अक्षर 18 वजा 26, अधिक 34, म्हणजे 26, पुन्हा र.

दुसऱ्या रांगेत पाच ह होते. तेही र धरून पाहिले, तर त्याच रांगेतला ट उलटून ङ होतो, आणि मराठी मजकुरात सुटा ङ कुठून येणार? म्हणून ह हा त धरला. चावीचं अक्षर द आलं आणि रांग उलटून ट, ल, भ, क, ह अशी घरातली अक्षरं दिसू लागली. चिठ्ठीच्या सुरुवातीला आता ‘?तर??’ होतं आणि तेच तीनदा येत होतं. कारंज्यात राहून हा शब्द ‘संत्र्याचा’ आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. स आणि य बसवले की चावीत व आणि भ मिळाले: विदर्भ. मजकूर असा होता: संत्र्याचा ट्रक रात्री आर्वीला जाईल, संत्र्याचा भाव उद्या कळेल, संत्र्याचा हिशेब नंतर दे.

“मामा, चावी चार अक्षरांची हाय हे तुमाले कसं समजलं?” तिने विचारलं. मी तिला ‘यहधणळ’ तीनदा अधोरेखित करून दाखवलं.

पुढची चिठ्ठीही चाळीस अक्षरांचीच आली, पण कोणताही शब्द दोनदा न वापरता, आणि चावी तिने अकरा व्यंजनांची घेतली होती, एवढं तिने आपणहून सांगितलं. म्हणजे लांबी आयती मिळाली, तरीही एका रांगेत तीन किंवा चारच अक्षरं. तेवढ्यात मोजणी काही बोलत नाही. चावी मजकुराइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली असेल तर कितीही मजकूर मिळून उपयोग नाही, पण तिची चावी तशी नाही. त्याच चावीने लिहिलेल्या आणखी चार-पाच चिठ्ठ्या मी मागितल्या आहेत. सगळ्या एकाखाली एक ठेवल्या की प्रत्येक रांगेत वीस-एक अक्षरं जमतील, आणि तेवढ्यांत र कुठे लपलाय ते दिसायला लागेल.