दोन वस्तू कमी, चार रुपये जास्त!

कुठल्याही नव्या ॲपचं डिझाईन दाखवलं की आपल्यापैकी नव्वद टक्के लोक पहिलं काय बोलतात? ‘हिरवा जरा जास्त भडक झालाय का?’ रंगावर प्रत्येकाला मत असतं, फाँटवर असतं, लोगोवर तर असतंच असतं! म्हणूनच शहाणे डिझायनर्स पहिल्या मीटिंगला रंगच आणत नाहीत. ते वायरफ्रेम आणतात. म्हणजे काय, तर स्क्रीनचा नुसता सांगाडा. राखाडी चौकटी, फोटोच्या जागी फुली मारलेला डबा, बटणाच्या जागी आयत आणि एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जाणारे बाण. बघायला एकदम कंटाळवाणं. पण पैशांचा खरा घोळ कुठे होणार आहे, ते याच कंटाळवाण्या कागदावर दिसतं.

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये डिझायनर आहे. किराणा आणि भाजी घरपोच देणारं त्यांचं ॲप तयार होत होतं, आणि बटणांवरचा मराठी मजकूर लिहायचं काम फ्रीलान्स म्हणून माझ्याकडे आलं. ‘तू क्रिटिकलाच येऊन बस. शब्द नंतर लिही, आधी फ्लो बघ,’ असं तिनं सांगितलं. क्रिटिक म्हणजे डिझाईन समोर ठेवून त्याची चिरफाड करायची बैठक. मैत्रीण, डेव्हलपर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि मी, असे आम्ही चौघं होतो. भिंतीवर चेकआऊटचे सहा प्रिंटआऊट्स ओळीनं चिकटवलेले. कार्ट, मोबाईल नंबर आणि ओटीपी, पत्ता, डिलिव्हरीची वेळ, पेमेंट, आणि शेवटी ‘ऑर्डर झाली!’

मैत्रिणीनं सुरुवातीलाच नियम सांगून टाकला. ‘आवडलं, नाही आवडलं’ हे शब्द आज बंद. प्रत्येक स्क्रीनसमोर उभं राहून दोनच प्रश्न विचारायचे. इथे आल्यावर ग्राहकाला काय माहीत झालेलं आहे? आणि आपण त्याला कशाचा निर्णय घ्यायला सांगतोय? ज्या निर्णयासाठी लागणारी माहिती अजून दिलेलीच नाही, तिथे लाल पेनानं गोल.

ऐकायला सोपं आहे, पण कार्टच्या चौकटीत ‘वस्तू १, वस्तू २, ₹००’ असं लिहिलेलं असेल तर गोल करायला काही सापडतच नाही. डमी मजकुरात सगळं कसं छान बसतं! म्हणून तिनं आमच्या हातात खरी यादी दिली. तूरडाळ एक किलो १६० रुपये, शेंगदाणे अर्धा किलो ७०, दूध एक लिटर ६०, पोहे ४०, भेंडी ४०, दही ४०, टोमॅटो ३०, सहा लिंबं ३०, कोथिंबिरीची जुडी २०. नऊ वस्तू, बेरीज ४९०. आणि ४५० च्या वर डिलिव्हरी फ्री. कुठल्याही घरातली शनिवारची यादी असते ना, तशीच.

‘आता समजा,’ ती म्हणाली, ‘ही यादी कुणीतरी बाणेरच्या ऑफिसात बसून भरतंय, आणि सामान पोचवायचंय सदाशिव पेठेत, आईकडे.’

इथे गंमत सुरू झाली. किराणा ॲपमधला माल एका मोठ्या गोदामातून येत नाही. तो तुमच्या पत्त्याजवळच्या छोट्या स्टोअरमधून येतो, आणि प्रत्येक स्टोअरमधला स्टॉक वेगळा. शर्ट मागवताना पत्ता शेवटी विचारला तरी बिघडत नाही, शर्ट तोच राहतो. किराण्यात मात्र पत्ता बदलला की दुकानच बदलतं! आमच्या भिंतीवर पत्ता तिसऱ्या स्क्रीनला होता. म्हणजे नऊ वस्तू निवडून, ओटीपी टाकून झाल्यावर ॲपला कळणार की सामान पेठेत जायचंय, आणि पेठेजवळच्या स्टोअरमध्ये दही आणि कोथिंबीर नाही.

मग आम्ही हिशेब पेन्सिलीनं पुढे नेला. दोन वस्तू गेल्या, ६० रुपये वजा, बेरीज ४३०. पण ४३० म्हणजे ४५० च्या खाली, म्हणून डिलिव्हरीचे ३५ लागले. पाचव्या स्क्रीनवर हँडलिंगचे ९ आले. आणि तिथेच डिलिव्हरीवाल्यासाठी २० रुपयांची टिप, आधीच टिकमार्क केलेली. एकूण ४९४. पहिल्या स्क्रीनवर ४९० दिसले होते. दोन वस्तू कमी मिळाल्या आणि बिल चार रुपयांनी वाढलं!

सगळे क्षणभर गप्प. एकेक स्क्रीन सुटी बघितली तर प्रत्येकीचं काहीतरी समर्थन होतं. गडबड त्यांच्या क्रमात होती, आणि क्रम दिसतो तो वायरफ्रेममध्येच. रंगीत डिझाईनमध्ये तिथे दह्याचा सुंदर फोटो असता, त्यावर ‘स्टॉक संपला’ची गोड पट्टी असती, आणि आम्ही त्या पट्टीच्या रंगावर अर्धा तास घालवला असता.

उपाय भिंतीवरच झाला. तिसरा कागद काढून सगळ्यांत पुढे लावला. आधी विचारायचं, सामान कुठे पोचवायचंय? पिनकोड पुरे, दारावरच्या पाटीपर्यंतचा पत्ता नंतर घेता येतो. म्हणजे सुरुवातीपासून त्याच स्टोअरचा माल दिसेल. आणि ग्राहकानं मध्येच पत्ता बदललाच, तर वस्तू गुपचूप गायब करायच्या नाहीत. काय गेलं, आणि त्यामुळे बिलात काय बदललं, हे दाखवणारी एक चौकट लागेल. आमच्या सहा कागदांत ती नव्हतीच.

पण पत्ता आधी घेतला म्हणून कोथिंबीर मिळेलच असं थोडंच आहे? ॲपमध्ये ‘आहे’ दिसतं, आणि सामान भरणारा मुलगा रॅकपाशी जाईपर्यंत शेवटची जुडी संपलेली असते, किंवा पिवळी पडलेली असते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे हा प्रश्न दोन वाक्यांत मिटतो. ‘ताई, कोथिंबीर नाहीये, पुदिना देऊ?’ ‘नको, राहू दे.’ ॲपमध्ये हा संवाद कुठे ठेवायचा? मैत्रिणीनं कार्टमधल्या नाशिवंत वस्तूंखाली एक ओळ वाढवली. नसेल तर काय करू? फोन करा, तसंच दुसरं द्या, किंवा पैसे परत करा. काहीच निवडलं नाही तर पैसे परत. डेव्हलपरनं लगेच विचारलं, की पैसे परत केल्यावर बेरीज ४५० च्या खाली गेली तर डिलिव्हरीचे ३५ लावायचे का? ठरलं, की नाही. माल आमच्याकडे नसेल तर त्याचा भुर्दंड ग्राहकाला नको. हा निर्णय आधी झाला नसता तर कोडमध्ये तो कुणीतरी आपल्या मनानं घेतला असता.

मग वाद रंगला तो टिपवर. प्रॉडक्ट मॅनेजरचं म्हणणं, ‘अरे, सगळेच असं करतात, आणि पैसे डिलिव्हरीवाल्यालाच जातात ना!’ त्याचा हेतू वाईट नव्हता. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि त्यात तेरा प्रकार दिलेत. त्यातला एक ‘बास्केट स्नीकिंग’, म्हणजे चेकआऊटच्या वेळी ग्राहकाला न विचारता बिलात काहीतरी सरकवणं. देणगीचं उदाहरण तिथे स्पष्ट आहे, आणि आधीच टिकमार्क केलेली टिप त्याच्या फार लांब नाही. दुसरा ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे किंमत थेंबाथेंबानं, शेवटी शेवटी उघड करणं. पाचव्या स्क्रीनवरचे ९ रुपये तिथे शोभून दिसले असते. हँडलिंग आकारायचंच असेल तर कार्टमध्येच, बेरजेच्या खाली दाखवायचं, असं ठरलं. टिपचा टिकमार्क निघाला, चौकट राहिली, रिकामी. मॅनेजर फारसा खूश नव्हता. पण ४९० चे ४९४ त्यानं स्वतःच्या पेन्सिलीनं मांडले होते, त्यामुळे फार ताणलंही नाही.

शेवटचा गोल सगळ्यांत महागड्या जागी होता. पेमेंटच्या कागदावरून एकच बाण निघत होता, तो थेट ‘ऑर्डर झाली!’ला. यूपीआयनं पैसे भरताना आपण किराणा ॲपमधून बाहेर पडतो, दुसऱ्या ॲपमध्ये पिन टाकतो आणि परत येतो. परत येताना शक्यता तीन. पैसे गेले, पैसे नाही गेले, आणि ‘अजून कळलेलं नाही’. हा तिसरा प्रकार सगळ्यांनी अनुभवलेला आहे. नेटवर्क अडखळतं, चक्र फिरत राहतं. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर माणूस काय करतो? पुन्हा पैसे भरतो! म्हणून त्या चौकटीतून तीन बाण हवेत. तिसऱ्या बाणाच्या टोकाला स्क्रीन हवी, जी सांगेल की बँकेकडून खात्री व्हायची आहे, तोवर पुन्हा पैसे भरू नका, तुमचं कार्ट आणि निवडलेली वेळ राखून ठेवली आहे. मला विचाराल तर वायरफ्रेम तपासायची ही सगळ्यांत सोपी युक्ती आहे. चौकटीतून बाहेर पडणारे बाण मोजा. जिथे एकच बाण आहे, तिथे डिझायनरनं फक्त चांगला दिवस बघितलाय.

माझ्या शब्दांची पाळी यायला संध्याकाळ झाली, आणि तिथेही राखाडी चौकटी उपयोगी पडल्या. बटणाचा आयत ‘पे नाऊ’ एवढ्या शब्दांच्या मापानं काढलेला होता. त्यात ‘पैसे भरण्यासाठी पुढे जा’ कुठून मावणार? शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांट्या नि मात्रा, खाली उकार. ओळीची उंचीही जास्त लागते. मी ‘४९० रुपये भरा’ असं सुचवलं. छोटं आहे, आणि बटण दाबण्याआधी आकडा डोळ्यांसमोर राहतो.

या बैठकीत सगळंच कळतं असं मात्र नाही. उन्हात स्क्रीन वाचता येईल का, आईच्या अंगठ्याला बटण सापडेल का, जुन्या फोनवर यादी उघडायला किती वेळ लागेल, हे राखाडी कागद सांगू शकत नाही. त्यासाठी पुढे खरा फोन आणि खरी माणसं लागतात. पण क्रम, हिशेब आणि अडचणीच्या वेळच्या वाटा या तीन गोष्टी कागदावर असतानाच बदलून घ्यायच्या. तेव्हा बदल म्हणजे एक सेलोटेपचा तुकडा काढून दुसरीकडे चिकटवणं. कोड झाल्यावर तोच बदल डेव्हलपरची रात्र खातो.

आम्ही निघालो तेव्हा भिंतीवर सहाचे नऊ कागद झाले होते, आणि ग्राहकाच्या नेहमीच्या वाटेवरची एकही पायरी वाढली नव्हती. वाढलेल्या तिन्ही चौकटी अडल्यावरच दिसणाऱ्या. पत्ता बदलला तर, वस्तू संपली तर, पैसे अडकले तर. हिरवा कुठला घ्यायचा, ते अजून ठरायचंच होतं!