दुखत न्हाई, मग दाखवू कशाला?

आईच्या पायातली चप्पल चिखलात रुतून राहिली आणि ती तशीच एक पाय अनवाणी गोठ्यापर्यंत आली, तेव्हा आम्ही सगळे हसलो. तीही हसली. साखर निघून तिला दहा-बारा वर्षं झाली होती. आधी रात्री तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, ती ओला पंचा गुंडाळून झोपायची. मग हळूहळू आग थांबली. गोळ्यांचा गुण आला, असं ती चारचौघींत सांगायची. आग थांबते ती कधीकधी नसा पार बधिर झाल्यामुळे, हे आम्हाला पुढे कळलं. पायातली चप्पल गेलेली न कळणं हीच मुळात पहिली खूण होती.

आमचं गाव अंबाजोगाईजवळ. नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालायचं नाही आणि योगेश्वरीला चालत जायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. तेव्हाच सोयाबीनची काढणी असते. रानात धसकटं, रस्त्यावर ऑक्टोबरच्या उन्हात तापलेलं डांबर. बाकीच्या बायका डांबर सोडून कडेच्या गवतातून चालायच्या. आई मधोमध चालायची आणि त्यांना नाजूक म्हणायची.

दसऱ्याच्या आसपास माझ्या बायकोला स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले डाग दिसले, एकेका पावलाच्या अंतरावर. तिने आईला बसवून तळवा वर केला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे वर्षानुवर्षांचा घट्टा होता, तिथे रुपयाएवढा फोड फुटून पांढरी कातडी लोंबत होती. आई म्हणाली, "दुखत न्हाई, मग दाखवू कशाला?" सणावाराला आपण थोरांच्या पाया पडतो, पण हात लागतो तो पावलाच्या वरच्या बाजूला. तळवा कोण बघतं?

ताप नव्हता, म्हणून घरात कोणी घाबरलं नाही. मला खटकली ती साखर. जेवण तेच, गोळ्या त्याच, आणि उपाशीपोटीचा आकडा तीनशेच्या वर. साखरेच्या माणसाच्या पायात पू झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही, पण अकारण वाढलेली साखर आत काहीतरी पेटल्याचं सांगते. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईचं सरकारी गाठलं. आमच्याकडे त्याला कोणी स्वामी रामानंद तीर्थ वगैरे म्हणत नाही, एसआरटी म्हणतात.

तिथल्या सर्जनने आधी घट्टा आणि मेलेली कातडी कापून काढली. भुलीचं इंजेक्शन लागलं नाही. ते कापत होते आणि आई त्यांना सोयाबीनचा भाव सांगत होती. हे बघणं मला फार जड गेलं. कातडी निघाल्यावर कळलं, की वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत दुप्पट पसरली होती. मग त्यांनी बोथट टोकाची निर्जंतुक सळई हळूच आत घातली. टोक हाडाला टेकलं तर हाताला टणक लागतं, आणि मग जंतू हाडात गेल्याचा संशय बळावतो. नुसता एक्स-रे सुरुवातीला फसवतो, कारण हाडातला बदल त्यात दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आमची सळई हाडापर्यंत गेली नाही. पण जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली होती. सिस्टरने लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि म्हणाली, "लाली रेघेबाहेर गेली की लगेच हाक मारा." आईला भरती करून शिरेतून औषधं सुरू झाली.

एका फोडाने एवढं रामायण का व्हावं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या पायाला फोड आला तर तुम्ही काय कराल?" लंगडेन, म्हणालो. "तेच. लंगडणं हाच इलाज आहे. मावशी लंगडल्याच नाहीत." चांगल्या नसांचा माणूस नकळत भार दुसऱ्या बाजूला टाकतो आणि फोडाला विसावा मिळतो. आई मात्र त्या फोडावर पूर्ण भार देऊन दिवसभर चालत राहिली. प्रत्येक पावलागणिक पाणी आजूबाजूच्या मांसात दाबलं गेलं, कातडी फाटली, जंतू शिरले. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. तळव्यात मांसाचे बंदिस्त कप्पे आहेत. तिथे सूज आली की तिला पसरायला जागा नसते, ती आतल्या रक्तवाहिन्याच आवळते. पू मग स्नायूंच्या दोऱ्यांच्या कडेने वर घोट्याकडे चढतो. त्यात पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर बोट काळं पडतं. आईच्या पावलावरची नाडी बोटांना लागत होती, हे आमचं नशीब.

घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण ड्रेसिंगचं विचारायचा. कुठलं मलम, किती दिवसांनी. मलमाला माझ्या मते फार भाव दिला जातो. अवघड होतं ते आईला त्या जागेवर पाय टेकू न देणं. अशा वेळी पावलाला गच्च बसणारं खास प्लास्टर घालतात, म्हणजे भार सगळ्या पायावर वाटला जातो. ते आम्हाला जमलं नाही. त्याऐवजी जाड फेल्टचा तुकडा, मधे जखमेएवढं भोक पाडून, तळव्याला चिकटवायला शिकवलं आणि वॉकर दिला. फेल्ट दबून पातळ झालं की बदलायचं. न दुखणाऱ्या पायाला बसवून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. आम्ही वळलो की ती म्हशीजवळ. पुढच्या तपासणीत जखमेच्या कडेला पुन्हा पांढरा घट्टा दिसला, आणि डॉक्टरांनी न विचारताच ओळखलं, की मावशी चालतात. चार आठवड्यांत जखम निम्मीही झाली नाही तर काहीतरी चुकतंय असं धरायचं, असा त्यांचा हिशेब. तिची निम्मी झाली ती धाकटी आत्या राहायला आल्यावर. आत्यापुढे आईचं चालत नाही.

बधिरपणा तपासायला दवाखान्यात नायलॉनचा एक ताठ तंतू असतो, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. घरी बोट पुरतं. समोरच्याने डोळे मिटायचे. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. टोचायचं नाही, दाबायचं नाही, एका बोटाला दोनदा विचारायचं नाही. सहापैकी दोन जागी कळलं नाही तर पाय बधिर धरायचा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. आईला सहापैकी एकही कळलं नाही.

जखम भरल्यावर मऊ एमसीआर रबराच्या चपला घ्यायला सांगितलं: अंगठ्याची पट्टी नाही, मागे बंद आहे, खिळा एकही नाही. आईने त्या ओळखल्या. "ह्या तर कुष्ठरोग्याच्या." तिचं खरं होतं. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. या रोगात बोटं आपोआप झडत नाहीत, बधिर पायाला रोज होणाऱ्या इजांनी ती जातात, हे त्यांनी दाखवलं. तीच समज आणि तेच इलाज पुढे मधुमेहाच्या पायाला लागू पडले. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शेजारणी बघतील म्हणून पहिले काही दिवस चपला फक्त घरातच घातल्या.

आता त्या घालताना आधी आतून हात फिरवून खडा, काटा बघायचा असतो. आत पांढरे मोजे, म्हणजे डाग लगेच दिसतो. संध्याकाळी माझी पोरगी आजीचा तळवा आणि बोटांच्या बेचक्या बॅटरी लावून बघते. पायाला शेक घ्यायचा नाही, पाणी किती गरम ते पायाने नाही, कोपराने बघायचं. यंदाच्या नवरात्राचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. आई म्हणते, पायरीपासून पुढे तरी अनवाणी. मी म्हणतो, मोजे घालून, आणि पहाटे फरशी गार असतानाच. आत्याला बोलावणं धाडलं आहे.