पहाटेचे व्रत

पहाटे उठून मोकळ्या हवेत फिरावयास जावे, हा संस्कार आमच्यावर इतक्या लहानपणी झाला की, तो एकदा तपासून पाहावा असे साठी उलटेपर्यंत आमच्या मनात आले नाही. वडील अंधारातच हाक मारीत आणि “पहाटेची हवा म्हणजे अमृत” एवढेच बोलून आम्हांला नदीकाठी घेऊन जात. पुढे नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलो, येथेच स्थिरावलो, नदीकाठाच्या जागी घराजवळची बाग आली. वेळ मात्र आम्ही बदलली नाही. साडेपाचला बागेत पाऊल टाकावयाचे, पन्नास मिनिटे झपझप चालावयाचे आणि परतताना अंथरुणात लोळणाऱ्या जगाविषयी थोडी करुणा बाळगावयाची, असा आमचा क्रम होता. या करुणेत अहंकाराचा अंश किती होता, हे आम्हांला २०२३ सालच्या दिवाळीत कळले.

त्या वर्षी १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. दोन दिवस आधी पाऊस पडून गेला होता आणि दिल्लीचे आकाश कधी नव्हे ते निळे दिसत होते. दुपारी चारला प्रसिद्ध झालेला हवेचा निर्देशांक होता २१८, आणि मागच्या आठ वर्षांतला दिवाळीच्या दिवसाचा हा सर्वांत चांगला आकडा म्हणून त्याचे सर्वत्र कौतुक झाले. रात्री फटाके उडाले. आम्ही मात्र तो २१८ मनात धरून झोपलो आणि नित्याच्या वेळी बाहेर पडलो. दिव्यांभोवती पिवळट वलये होती, वाऱ्याचा लवलेश नव्हता, दारूचा वास होता. तरीही व्रत ते व्रत. तिसऱ्या फेरीला घशाशी कोरडा खोकला आला, चौथीला छातीभोवती कोणी पट्टा आवळावा तसे वाटू लागले, आणि नेहमीच्याच चालीला नाडी मिनिटाला वीस ठोके अधिक पडत असल्याचे आढळले. आम्ही बाकावर बसलो. उठावयास बराच वेळ लागला.

आमचा भाचा फुप्फुसांच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याने छाती तपासली, हृदयाचा आलेख काढविला आणि तो निर्दोष निघाल्यावर मगच हसून म्हणाला, “मामा, तुम्ही आकडा कालचा वाचलात आणि श्वास आजचा घेतलात.”

त्या एका वाक्यात आमची चूक पुरी सांगून झाली होती. आपल्याकडे २०१५ पासून प्रसिद्ध होणारा सरकारी निर्देशांक सूक्ष्म कणांपुरता मागील चोवीस तासांची सरासरी सांगतो. १२ तारखेच्या दुपारचा २१८ हा पावसाने धुतलेल्या हवेचा आकडा होता. त्यात रात्रीचा धूर असणे शक्यच नव्हते. तो धूर पुढल्या दिवशीच्या सरासरीत आला आणि तेव्हा आकडा ३५८ झाला. सरासरी ही शहराच्या प्रकृतीची नोंद म्हणून ठीक. पण या घटकेला बूट चढवावेत की नाही, हे तिला विचारू नये. त्यासाठी जवळच्या मोजणी केंद्राची त्या तासाची नोंद पाहावी, आणि निर्देशांकापेक्षा ‘पीएम २.५’ या अतिसूक्ष्म कणांचे दर घनमीटरमागे मायक्रोग्रॅम किती, तेच पाहावे. कारण निर्देशांकाचे कोष्टक देशागणिक वेगळे असते. ६० मायक्रोग्रॅमला आपले कोष्टक १०० म्हणते, तर अमेरिकेचे १५० च्या पुढे जाते. फोनवरचा आकडा कोणत्या कोष्टकाचा, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक लागली, कारण ती वडिलांच्या वचनावरच येत होती. उत्तर हिंदुस्थानच्या हिवाळ्यात पहाट ही दिवसातली बहुधा सर्वांत वाईट हवा असते. रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवाही निवते, आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. चुलींचा, वाहनांचा आणि शेकोट्यांचा रात्रभरचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढून जमीन तापली की झाकण उचलले जाते आणि धूर उंच जाऊन विरळ होतो. म्हणून दिल्लीत थंडीच्या दिवसांत साधारण दोन ते चारच्या दरम्यान हवा त्यातल्या त्यात बरी असते. नदीकाठच्या ज्या गावी वडिलांनी आम्हांला अमृत पाजले, तेथे ते खरेच होते. आम्ही गाव बदलले आणि वचन तेवढे बरोबर आणले.

भाच्याने मग कागदावर एक साधा गुणाकार मांडला. शरीरात जाणाऱ्या धुळीची मात्रा तीन गोष्टींवर ठरते: हवेत कण किती, मिनिटाला आपण हवा किती घेतो, आणि किती मिनिटे घेतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ८ लिटर हवा घेतो, सावकाश चालणारा २०, झपझप चालणारा ३०, आणि धावणारा ५० च्याही पुढे जातो. शिवाय दम लागला की तोंडाने श्वास सुरू होतो आणि नाकाची गाळणी चुकविली जाते. त्या पहाटेची जवळच्या केंद्रावरची नोंद ३०० च्या वर होती. हिशेबाला ३०० धरू. पन्नास मिनिटे झपझप चालताना आम्ही दीड घनमीटर हवा घेतली असती, म्हणजे ४५० मायक्रोग्रॅम धूळ. तीच पन्नास मिनिटे, तीच चाल, पण हवा १०० ची असेल अशा दुपारी, तर १५०. किंवा पहाटेचीच ३०० ची हवा, पण चाल सावकाश आणि वेळ पंचवीस मिनिटे, तर अर्धा घनमीटर, म्हणजे पुन्हा १५०. यातले सारेच कण फुप्फुसात बसतात असे नव्हे, परंतु तुलनेपुरता हिशेब खरा आहे. वेळ बदला, वेग बदला किंवा अवधी बदला. तिन्हींपैकी एक तरी आपल्या हातात असतेच.

हे ऐकून आम्ही घरातच बसावयाचे ठरविले असते, तर तीही दुसरी चूक झाली असती. केंब्रिजच्या काही संशोधकांनी २०१६ साली केलेल्या गणितानुसार, ज्या शहराची नेहमीची हवा १०० मायक्रोग्रॅमची आहे, तेथेही दिवसाकाठी दीड तास सायकल चालविल्यावर किंवा दहा तासांहून अधिक चालल्यावर मगच नुकसान लाभापेक्षा वरचढ होते. मात्र हे वर्षभराच्या सरासरीचे आणि सगळ्या लोकांचे मिळून केलेले गणित आहे. दिवाळीनंतरच्या पहाटेला आणि कमकुवत छातीला ते लागू नाही. ते वेगळे का, हे लंडनच्या एका प्रयोगाने दाखविले आहे. साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांना तेथे दोन तास एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा रहदारीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालविले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बागेतल्या चालण्याने फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना जो लाभ झाला, तो रस्त्यावरच्या चालण्यात बव्हंशी हरपला. म्हणून रस्त्यापासून आत, झाडांच्या पलीकडे चालणे केव्हाही बरे. पण झाकण बसलेल्या पहाटे साऱ्या शहरावरच धूर पसरलेला असतो, आणि तेव्हा बाग तुम्हांला मोटारींपासून वाचविते, हवेपासून नाही.

तेव्हापासून आम्ही स्वतःपुरता एक नेम केला आहे. त्या तासाची नोंद ६० पर्यंत असली की नेहमीची चाल. ६० ते ९० मध्ये चालावयाचे, पण चढ आणि धाप टाळावयाची. ९० ते १२० मध्ये पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच वेग, आणि अवधी निम्मा. १२० च्या पुढे व्यायाम घरात. २५० च्या पुढे घरातही धाप लागू द्यावयाची नाही. दमा, हृदयविकार, गर्भारपण किंवा लहान वय असेल, तर प्रत्येक पायरी एक घर अलीकडे आणावी. आणि आकडा काहीही म्हणो, खोकला, छातीत घरघर, आवळल्यासारखे वाटणे किंवा नेहमीच्या चालीला वाढलेली नाडी दिसली की थांबावे; थांबूनही छातीचे दुखणे राहिले, तर तडक रुग्णालय गाठावे. उलट, त्रास झाला नाही म्हणून हवा चांगली होती असेही समजू नये.

“घरात” या शब्दानेही आम्हांला एकदा फसविले. भिंत म्हणजे गाळणी नव्हे. आम्ही मोजणीचे एक लहान यंत्र आणले तेव्हा बाहेर २८० असताना खिडक्या लावलेल्या खोलीत १९० निघाले, आणि स्वयंपाकघरात फोडणी पडताच आतला आकडा बाहेरच्यालाही मागे टाकून गेला. उदबत्तीचेही तेच. शेवटी एका लहान खोलीत हेपा गाळणीचे यंत्र ठेवले. दारे लावून तासभर ते चालविले की आकडा ४० च्या आसपास येतो, मग तेथे सूर्यनमस्कार. दारे उघडी टाकलेली मोठी व्यायामशाळा म्हणजे छप्पर असलेला रस्ताच. एन-९५ मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली तर कण अडविते, वायू नव्हे. आणि आमच्या मिशांनी ती घट्ट बसू दिली नाही, हेही सांगितले पाहिजे.

बागेतली मंडळी अजूनही पहाटे त्या धुक्यात गोल बसून खोल श्वास घेतात आणि तो रोखून धरतात. श्वास रोखणे म्हणजे कणांना बसावयास पाट मांडणे, हे आम्ही दोघातिघांना सांगून पाहिले. एकाने ऐकले. तो हल्ली दुपारी तीनला आमच्याबरोबर असतो.

पण दुपारचेही नवे व्रत होऊ द्यावयाचे नाही, हे आम्ही शिकलो आहोत. मे महिन्यात कडक उन्हात वाहनांच्या धुरातून ओझोन तयार होतो आणि तो दुपारीच शिगेला पोहोचतो. तो वायू छातीला तितकाच झोंबतो. तेव्हा आम्ही पुन्हा पहाटेकडे वळतो. त्या दिवसांत सूर्य उगवण्याआधी बाग शांत असते, आकडा बहुधा बरा निघतो, आणि वडिलांची हाक ऐकू आल्यासारखी वाटते. फरक एवढाच की, हल्ली त्या हाकेला ओ देण्याआधी आम्ही त्या तासाची नोंद पाहून घेतो.