रेघ आणि खांब

माझी भाची दहावीत आहे. भूगोलातला मुंबईचा तापमान-पर्जन्याचा आलेख पाहून ती म्हणाली, “मामा, जुलैमध्ये पावसाचा खांब तापमानाच्या रेघेच्या वर गेलाय. म्हणजे उष्णतेपेक्षा पाऊस जास्त, असं लिहू?”

ऑफिसात दिवसभर डॅशबोर्ड बनवणारी मोठी माणसंही हेच विचारतात. म्हणून लॅपटॉपवर तोच आलेख दोनदा काढला. मुंबईत जुलैचा पाऊस साधारण 800 मिमी, सरासरी तापमान साधारण 28 अंश. पावसाचा अक्ष दोन्ही वेळा 0 ते 1000 ठेवला. तापमानाचा अक्ष आधी 0 ते 40 घेतला, तेव्हा खांब रेघेच्या वर आला. मग 0 ते 32 केला, तर तीच रेघ खांबाच्या वर! आकडे तेच, फक्त पट्टी बदलली. मिलिमीटर आणि अंश यांची तुलना होतच नाही. रेघ खांबाला कुठे छेदते, हे आलेख काढणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे खांब त्याच्या अक्षावर वाचायचे, रेघ तिच्या.

“मग दोन्ही एकत्र काढतातच कशाला?”

महिने जुळवायला. मुंबईची रेघ डावीकडून बोटाने गिरवत जा. जानेवारीपासून ती चढते, मे महिन्यात सर्वांत वर पोचते. जूनमध्ये खांब उंचावतात आणि रेघ खाली वळते, कारण ढग ऊन अडवतात. सप्टेंबरनंतर खांब बसतात, आकाश मोकळं होतं आणि रेघ पुन्हा जराशी वर येते. तोच आपला ऑक्टोबर हीटचा उकाडा. रेघेला दोन उंचवटे, आणि त्यांच्या मधल्या खळग्यात पावसाचे खांब.

आता चेन्नई. तिथे सगळ्यात उंच खांब ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, परतीच्या ईशान्य वाऱ्यांमुळे. मे-जूननंतर रेघ हळूहळू उतरत जाते आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईसारखी पुन्हा वर येत नाही, कारण नेमके तेव्हाच तिथे ढग जमतात. शहराचं नाव झाकलं तरी उंच खांब कोणत्या महिन्यात आहेत आणि दुसरा उंचवटा आहे का, एवढ्यावरून ही दोन शहरं वेगळी ओळखता येतात.

भाचीने नावं झाकली आणि दोन्ही बरोबर ओळखली. मग जुलैच्या खांबावर बोट ठेवून म्हणाली, “म्हणजे दरवर्षी एवढाच पडतो?”

नाही. तो खांब अनेक वर्षांच्या जुलैंची सरासरी आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. तिचं बोट ज्या खांबाच्या टोकावर होतं, त्याहून जास्त पाऊस, एका दिवसात.