दोन तोट्यांनंतरची ४५ मिनिटे

ऑप्शन ट्रेडिंग करणारा कोणी मदतीसाठी आला की मी त्याची स्ट्रॅटेजी विचारत नाही. आधी ट्रेडबुक मागतो. त्यातले तीन रकाने पुरतात: सौदा कधी बंद झाला, पुढचा कधी सुरू झाला, आणि किती लॉटचा होता. रिस्क डेस्कवर काम करताना लागलेली ही सवय आहे. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकायचे, पण विश्वास ठेवायचा तो घड्याळावर आणि संख्येवर.

असेच एक ट्रेडबुक माझ्याकडे आले होते. दिवस २०२५च्या पूर्वार्धातला, गुरुवारचा. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी तेव्हा गुरुवारी असायची आणि लॉट ७५ चा होता. आकडे थोडे सोपे करून सांगतो. भांडवल तीन लाख, आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे तीन हजारांहून जास्त गमवायचे नाही, असे या गृहस्थांनी वहीत लिहून ठेवले होते.

सव्वानऊला बाजार उघडल्यावर त्यांनी १२० रुपयांना एक लॉट कॉल घेतला. ८० चा स्टॉपलॉस लागला, तीन हजार गेले. सतरा मिनिटे थांबून ११० ला एक लॉट पुट घेतला. ७२ ला स्टॉपलॉस, २,८५० गेले. इथवर सगळे नियमात होते. वाईट सकाळ होती, पण कामातली होती.

दुसरा सौदा १०:३१ ला बंद झाला आणि तिसरा १०:३४ ला सुरू झाला. तीन मिनिटांचे अंतर, आणि संख्या थेट तीन लॉट. ऑर्डरबुकात या सौद्यासाठी स्टॉपलॉसची ऑर्डरच नव्हती. ८५ चा पुट ४५ वर आला तेव्हा नऊ हजार गेले. मग सहा लॉट, लांबच्या स्ट्राइकचा स्वस्त कॉल, ३८ चा १४ झाला: १०,८००. दुपारी दहा लॉट, २२ रुपयांचे, एक्स्पायरीच्या आशेवर. ते तीनवर विकले: १४,२५०. दिवसअखेर ३९,९०० रुपये, भांडवलाच्या तेरा टक्क्यांहून जास्त. तेवढे परत मिळवायला उरलेल्या रकमेवर पंधरा टक्क्यांहून अधिक कमवावे लागतात. पहिल्या दोन सौद्यांवर थांबले असते तर तोटा ५,८५० चा, दोन टक्क्यांच्या आतला होता.

रिव्हेंज ट्रेडिंग म्हणतात ते हेच. ट्रेडबुकात ते तीन खुणांनी ओळखू येते: दोन सौद्यांमधले अंतर आकसते, लॉट वाढतात, आणि स्टॉपलॉस गायब होतो. चौथी खूण मी त्यांना विचारून तपासतो: घेतलेला स्ट्राइक त्यांच्या नेहमीच्या पद्धतीतला होता का? स्वस्त, लांबचा ऑप्शन घेण्याची ओढ बहुतेकदा तोट्यानंतरच लागते, कारण गेलेला सगळा पैसा एकाच सौद्यात परत आणू शकेल असे तेवढेच दिसत असते.

हा दोष नवख्यांचाच आहे असे समजू नये. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिले की नक्की तोटा पदरात घेण्यापेक्षा, मोठा तोटा होऊ शकेल पण कदाचित बरोबरीत सुटू असा जुगार माणसाला बरा वाटतो. पुढे जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे यांनी शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये स्वतःच्या खात्यावर ट्रेझरी बाँड फ्युचर्सचे सौदे करणाऱ्या व्यावसायिकांच्या नोंदी तपासल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सकाळी तोटा झालेल्यांनी दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेण्याची शक्यता, सकाळी नफा झालेल्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळली. ज्यांचे पोट यावर चालते त्यांचीही ही गत असेल, तर ‘मी मनावर ताबा ठेवीन’ हा संकल्प १०:३४ ला टिकेल अशी अपेक्षा मी कोणाकडूनच करत नाही. म्हणून नियम आधी लिहायचा आणि तो पाळण्याचे काम शक्य तितके स्वतःकडून काढून घ्यायचे.

मी जो नियम देतो तो असा. लागोपाठ दोन तोटे झाले की ४५ मिनिटे नवा सौदा नाही. तिसरा लागला की त्या दिवसाचे काम बंद. शिवाय रुपयांत एक मर्यादा: दिवसाचा तोटा भांडवलाच्या अडीच टक्क्यांवर गेला की सौदे कितीही झालेले असोत, बंद. ही दुसरी अट लागते, कारण एखाद्या बातमीने स्टॉपलॉस ओलांडून भाव खाली उघडला तर एकाच सौद्यात तीन सौद्यांइतका तोटा होऊ शकतो आणि मोजणी मात्र ‘एक’ दाखवते.

४५ हा आकडा मी बाजाराकडूनच घेतला आहे. निर्देशांक दुपारी एकच्या आत दहा टक्के हलला तर आपल्याकडे व्यवहार ४५ मिनिटे थांबवतात. १३ मार्च २०२० ला उघडताच निफ्टी खालच्या सर्किटला लागला, व्यवहार थांबले, आणि त्याच दिवशी बाजार वर बंद झाला. थांबल्यामुळेच तो वर आला असा माझा दावा नाही. पण सगळ्या देशाच्या बाजाराला जी विश्रांती आवश्यक मानली जाते ती एका माणसाला अनावश्यक कशी ठरेल? या वेळात चार्टसमोर बसायचे नाही. बसले की पुढचा सौदा मनात तयारच होतो आणि ४६ व्या मिनिटाला ऑर्डर जाते. परतल्यावर पहिला सौदा निम्म्या संख्येने करायचा. इथे एक खरी अडचण आहे: पूर्वी २५ चा असलेला लॉट ७५ चा झाल्यावर, एकाच लॉटवर काम करणाऱ्याला निम्मे करायला जागाच उरली नाही. अशा माणसाने ४५ मिनिटांनंतर परतण्याची पायरी गाळावी आणि दोन तोट्यांवरच दिवस संपवावा.

तोटा कशाला म्हणायचे, हेही लिहून ठेवावे लागते. नाहीतर माणूस फट शोधतो. दोन तोटे झाले की तिसऱ्या सौद्यात दोनशे रुपये दिसताच बाहेर पडायचे, म्हणजे ‘साखळी तुटली’ आणि मोजणी पुन्हा शून्यावर, असे मी अनेकांच्या ट्रेडबुकात पाहिले आहे. म्हणून माझ्या नियमात ठरलेल्या जोखमीच्या निम्म्याहून कमी नफा वा तोटा मोजतच नाहीत. तीन हजारांची जोखीम घेणाऱ्याला साखळी तोडायची तर किमान पंधराशेचा नफा हवा. ऑप्शन विकणाऱ्यांची फट वेगळी असते. ते नवा सौदा करत नाहीत, जुन्याची ‘ॲडजस्टमेंट’ करतात, आणि त्या नावाखाली लॉट वाढत जातात. त्यांच्यासाठी एक ओळ: बंदीच्या काळात अडकलेले मार्जिन कमी होऊ शकते, वाढू शकत नाही. पोझिशनमधून बाहेर पडण्यावर मात्र कधीच बंदी घालू नये.

लोक हा नियम बहुधा पहिल्याच आठवड्यात सोडतात, आणि त्याचे कारण गणितात आहे. समजा तुमचे शंभरातले ४५ सौदे नफ्याचे असतात आणि तुम्ही दिवसाला चार सौदे करता. पहिले तिन्ही सौदे तोट्याचे निघण्याची शक्यता ०.५५ चा घन, म्हणजे साधारण सहात एक. पहिला नफ्याचा आणि पुढचे तीन तोट्याचे, हीही शक्यता धरली तर जवळजवळ दर चार दिवसांत एकदा तिसरा तोटा लागणार. महिन्याच्या वीस दिवसांत पाचदा. हे सौदे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून केलेले गणित झाले. प्रत्यक्षात बाजार एकाच पट्ट्यात रेंगाळतो तेव्हा एकच पद्धत दिवसभर मार खाते, म्हणून साखळ्या याहून जास्त लागतात. ज्याला हे ठाऊक नसते तो महिन्यात पाच वेळा थांबावे लागले की स्ट्रॅटेजी बिघडली असे समजतो. तीन तोटे हा स्ट्रॅटेजीविषयीचा पुरावा नाहीच. तेवढ्यावरून तिच्याबद्दल काही कळत नाही. थांबायचे ते डोके तापण्याची ही वेळ आहे म्हणून.

आणि थांबण्याची किंमत किती? सलग तीन तोट्यांनी सुरुवात झालेल्या दिवशी फक्त चौथा सौदा हुकतो. साखळी चौथ्या सौद्यावर पूर्ण झाली तर काहीच हुकत नाही. म्हणजे सहा दिवसांत एक सौदा. त्या बदल्यात ३४ हजारांचा तो पुढचा तोटा टळतो. माझ्या कामात इतका स्वस्त विमा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता अंमलबजावणी. काही ब्रोकरांच्या ॲपमध्ये ‘किल स्विच’ असतो. सेगमेंट बंद केला की १२ तास पुन्हा चालू करता येत नाही. तो दाबायच्या आधी पोझिशन मोकळी करावी लागते, ऑर्डरी रद्द कराव्या लागतात. सोय चांगली आहे, पण तिच्यातली गळती ओळखून घ्या. सकाळी पावणेअकराला एफ अँड ओ बंद केला तरी संध्याकाळी एमसीएक्सवर क्रूड ऑइल चालूच असते, रात्री उशिरापर्यंत. निफ्टीत गेलेले पैसे क्रूडमध्ये काढायला गेलेली माणसे मला ठाऊक आहेत, म्हणून कमॉडिटीचा सेगमेंटही त्याच वेळी बंद करावा. दुसऱ्या ब्रोकरकडचे खाते आणि पत्नीच्या नावचे खाते या आणखी दोन वाटा. त्यांवर कोणतेही बटण चालत नाही. तिथे एकच उपाय मला टिकलेला दिसला: नियमाची एक प्रत घरातल्या माणसाकडे द्यायची आणि रोज संध्याकाळी दिवसाचा आकडा त्याला दाखवायचा. सल्ला मागायचा नाही, फक्त दाखवायचा. नियमात बदल करायचाच असेल तर शनिवारी किंवा रविवारी, लेखी, आणि तो पुढच्या सोमवारपासून लागू. बाजार चालू असताना सुचलेली सुधारणा मी कोणाचीही स्वीकारत नाही.

या नियमाकडून भलती अपेक्षा मात्र ठेवू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओमधल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, आणि तीन वर्षांची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. ते सगळे सूडाने खेळत होते असे नाही. ज्याच्या पद्धतीत मुळात नफाच नाही त्याला थांबण्याचा नियम तारत नाही. तो फक्त सावकाश हरतो. पण सूडाचे सौदे वगळले की ट्रेडबुक स्वच्छ होते आणि उरलेल्या सौद्यांवरून पद्धत चालते की नाही ते पहिल्यांदाच दिसू लागते. त्या गृहस्थांच्या वर्षभराच्या नोंदींतून मी ते वगळून पाहिले. उरलेल्या सौद्यांतही खर्च धरून किंचित तोटाच होता. मी त्यांना ते तसेच सांगितले, आणि एफ अँड ओचा सेगमेंट त्यांनी त्याच आठवड्यात कायमचा बंद करायला दिला.