कोपर दुखतंय, मग व्यायाम बंदच करायचा का?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुधाची पिशवी उचलताना माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली. कारण उघड होतं. आदल्या महिन्यात मी पुल-अप्स एकदम दुप्पट केले होते. या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. मी रॅकेट कधी हातात धरलेली नाही, तो भाग वेगळा!

रुग्णांना जे करू नका म्हणतो, तेच मी केलं. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं थांबलं आणि पहिल्याच पुल-अपला परत आलं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. विश्रांतीने त्याची कळ शमते, पण भार पेलायची ताकद वाढत नाही, उलट घटते.

तुम्ही काहीही घट्ट पकडलंत की मनगट स्थिर ठेवायला हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणतात, आणि त्यांचे दोर कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. तळवा खाली असेल तर हा ताण आणखी जाणवतो. म्हणून मी पुल-अप्स थांबवले आणि तळवा शरीराकडे ठेवून डंबेल रोइंग सुरू केलं, २० किलोऐवजी ८ किलोने. छातीचा प्रेस बंद केला नाही. फक्त बारऐवजी डंबेल घेतले, तळवे समोरासमोर, मनगट सरळ. जे दुखत नाही ते सोडू नये.

सोबत टेंडनसाठी वेगळा व्यायाम केला. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, हातात १ किलोचं डंबेल. पहिला आठवडा मनगट सरळ ठेवून नुसतं धरायचं, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. मग तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत, आणि दुसऱ्या सकाळी दुखणं पूर्वीइतकंच असायला हवं. पाचव्या आठवड्यात मी १ वरून थेट ३ किलोवर उडी मारली. व्यायाम करताना काहीच वाटलं नाही. सकाळी मात्र लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. पुन्हा १ किलोवर आलो आणि दर दोन आठवड्यांनी अर्धा किलो वाढवत गेलो. पाचव्या महिन्यात जुने पुल-अप्स जमले, तेही आधी पाय स्टुलावर टेकवून.

मधे इंजेक्शनचा मोह झाला होता. स्टिरॉइडने काही आठवडे छान वाटतं, पण वर्षाच्या शेवटी ते न घेतलेलेच जास्त बरे असतात, म्हणून टाळलं.

करंगळीत मुंग्या येत असतील, कोपर सुजलं असेल, पूर्ण सरळ होत नसेल किंवा 'कट्' असा आवाज होऊन अचानक ताकद गेली असेल, तर मात्र डंबेल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.